शेवटचं बोट

मैदानावर आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवरून जायचो. गोलकीपर पुढे, रेफरी मागे. गोलकीपर म्हणजे माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ आणि रेफरी मी. जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानावर आमची गाडी शिरली, की कडेला बसलेल्यांतून कोणीतरी ओरडायचंच, "आला बे, आरोपी जजसाहेबाले घेऊन आला!" सिद्धार्थ हॉर्न वाजवून दाद द्यायचा. मी मान खाली घालून खिशातली शिट्टी चाचपायचो. मला गाडी चालवता येत नाही. आयुष्य पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेलं. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, तिथून निवृत्त झालो. शिट्टीतून अजून झालेलो नाही.

भाऊ गोलकीपर असताना रेफरीनं त्या सामन्यात उभं राहू नये, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे नियम पाठ असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी परीक्षेच्या, लग्नाच्या नाहीतर सोंगणीच्या दिवसांत मिळत नाहीत. मी दर वेळी समोरच्या कप्तानाला विचारायचो, हरकत आहे का? समुद्रपूरच्या कप्तानानं एकदा जे उत्तर दिलं ते पुढे सगळेच देऊ लागले. "सर, तुम्हीच राहा. भावाले तुम्ही जास्तच धरता."

या अंकासाठी मैदानावरच्या गमती लिहा, असं संपादकांचं म्हणणं होतं. गमती आहेत. त्या सिद्धार्थच्याच जास्त आहेत, म्हणून लिहायला वेळ लागतो आहे.

ज्यांनी फुटबॉल नुसता लांबून पाहिला आहे त्यांना वाटतं, रेफरीचं मुख्य काम धक्काबुक्की आवरणं. ते सोपं असतं, कारण ते दिसतं. अवघड काम वेळेची राखण करण्याचं. ज्या संघाचा एक गोल वर असतो त्याच्या अंगात शेवटच्या भागात एकदम आळस भरतो. आडवा फेकायचा चेंडू पहिला खेळाडू उचलतो, पुसतो, मग आठवल्यासारखं करून दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरा तिसऱ्याला हाक मारतो. बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटते. आष्टीला आठवडी बाजाराच्या दिवशी सामना होता. तिथल्या एका संघाचा बचावपटू बदली होऊन बाहेर निघाला, तो मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत प्रत्येक सोबत्याच्या पाया पडत आला. मी म्हटलं, "महाराज, जवळची रेषा मागं आहे, तिकडून बाहेर व्हा." तो हात जोडून म्हणाला, "सर, मोठ्यांचा आशीर्वाद घेऊन राह्यलो." त्यातले दोघं त्याच्याहून लहान होते. मी पिवळं कार्ड काढलं, तर त्यालाही त्यानं नमस्कार केला.

रेफरीजवळ या आळसावर औषधं असतात. बदली होऊन निघालेल्या खेळाडूनं जवळच्या रेषेवरूनच बाहेर पडायचं, हे एक. चेंडू दूर मारला, अडवून धरला, खेळ सुरू करायला मुद्दाम उशीर केला तर पिवळं कार्ड, आणि दुसरं पिवळं झालं की लाल. तिसरं औषध कोणाला दिसत नाही. ते माझ्या डाव्या मनगटावर असतं. मी दोन घड्याळं बांधतो. उजवं घड्याळ कधी थांबत नाही. डावं मी खेळ रेंगाळला की चालू करतो, सुरळीत झाला की बंद. जखमी खेळाडू, बदल्या, कार्डं, वाद, नुसता रेंगाळा, सगळं त्यात साठत जातं आणि शेवटी तेवढा वेळ मी खेळात मिळवतो. जाहीर केलेला वेळ कमीत कमी असतो. त्यातही कोणी रेंगाळलं तर तो वाढवता येतो, कमी मात्र करता येत नाही. नवख्या संघांना हे खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, आपण वेळ खाल्ला. त्यांनी तो फक्त माझ्या डाव्या हातात ठेवलेला असतो.

पण चेंडू गोलकीपरच्या हातात असला की गोष्ट वेगळी. खेळ चालूच असतो, घड्याळ थांबवायला निमित्त नसतं, आणि हातातला चेंडू कोणी हिसकावूही शकत नाही. सगळ्या मैदानाचा वेळ एका माणसाच्या छातीशी धरलेला असतो. याच जागेवर माझ्या भावानं आयुष्य काढलं.

हिंगणीला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. बोरधरणाच्या अलीकडच्या सगळ्या शेतांतले जळालेले पंप त्याच्याकडे यायचे. तांब्याची तार गुंडाळताना जी सावकाशी लागते तीच त्यानं गोलमध्ये आणली होती. चेंडू पकडला की तो पोटावर पडायचा, तिथंच श्वास घ्यायचा, उठायचा, गुडघे झटकायचा, चेंडूला दोन टप्पे द्यायचा, डावीकडच्या खेळाडूला पुढे जायला सांगायचा, मग उजवीकडच्याला. "अबे, सरक ना समोर! तुले काय पत्रिका पाठवू?" तो खेळाडू सरकायचा, आणि सिद्धार्थ चेंडू दुसरीकडेच मारायचा.

तेव्हा नियम सहा सेकंदांचा होता. चेंडू त्याहून जास्त वेळ हातात ठेवला तर प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक, तीही गोलच्या तोंडाशी. कागदावर हे भयंकर होतं, म्हणूनच ते कोणी वापरत नसे. दोन-चार सेकंदांच्या रेंगाळ्यासाठी अख्खा संघ गोलरेषेवर उभा करायचा आणि गर्दीची मारामारी अंगावर घ्यायची, यापेक्षा रेफरी "चला, चला" म्हणत राहायचे. मीही तेच म्हणायचो. सिद्धार्थला ते पक्कं ठाऊक होतं. गाडीवर मागे वळून तो म्हणायचा, "दादा, तुमचा कायदा म्हणजे फाशीची शिक्षा गा. कोंबडीचोराले फाशी कोनी देते काय?"

आणि तो आडवा पडायचा. हे त्याचं खास. बाकीच्या दहा जणांपैकी कोणी पडला आणि त्याच्यावर मैदानात उपचार झाले, तर बहुतेक वेळा त्याला बाहेर जावं लागतं. गोलकीपरला जावं लागत नाही, कारण त्याच्यावाचून खेळ सुरूच होत नाही. या सवलतीवर सिद्धार्थनं घर बांधलं होतं. पोटरीत गोळा, डोळ्यात माती, कंबरेत उसण. मी जवळ गेलो की एक डोळा उघडून हळूच विचारायचा, "किती झाले?" मी डावं घड्याळ दाखवायचो. "सगळं परत देणार आहे. ऊठ." मग तो कण्हत उठायचा आणि प्रेक्षकांकडे हात हलवायचा.

मग नवा नियम आला. सहाचे आठ सेकंद झाले आणि शिक्षा लहान झाली. आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात राहिला, की प्रतिपक्षाला कॉर्नर. गोलकीपर जिथे उभा असेल त्याच्या जवळच्या कोपऱ्यातून. चेंडू त्याच्या पूर्ण ताब्यात आला आणि कोणी त्याला अडवत नसलं, की मोजणी सुरू होते. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो, एकेक बोट मिटत, म्हणजे गोलकीपरलाही दिसतं आणि गर्दीलाही. शिक्षा सोसण्यासारखी झाली, आणि म्हणूनच ती होऊ लागली.

मला वाटलं होतं सिद्धार्थ चिडेल. त्याला तर खेळणंच मिळालं. पहिल्याच सामन्यात तो माझ्या हाताकडे बघत शांत उभा राहिला. चार बोटं, तीन, दोन. शेवटचं बोट उभं असताना त्यानं चेंडू सोडला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. लोकांनाही चटक लागली. माझा हात वर गेला की सगळं मैदान मोजायचं, "पाच! चार! तीन!" आणि शेवटच्या बोटाला सिद्धार्थ चेंडू भिरकावायचा, की टाळ्या पडायच्या. परतताना म्हणायचा, "आता कसं, खाऊन-पिऊन बराबर. तू आठ देतो, मी आठ घेतो. कोनाचंच कोनावर नाई." गुन्हा नव्हताच तो. आठ सेकंद त्याचे हक्काचे होते.

त्या मोसमात हिंगणीचा संघ समुद्रपूरच्या स्पर्धेत पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. समोर समुद्रपूरचाच संघ होता. सिद्धार्थ पोरवयापासून त्या चषकासाठी खेळत होता. आता गुडघे कुरकुरत होते, कानशिलं पांढरी झाली होती. घरून निघताना त्याची बायको, वंदना, त्याला म्हणाली, "या वर्षी जिंकले का बस करजा. दुकानात बसत जा." तो म्हणाला, "जिंकलो तर पाना, पकड अन् ग्लोव्हज, तिन्ही खाली ठेवतो. आराम करतो." मग माझ्याकडे बघून, "जजसाहेब, ऐकलं ना? बाईनं अर्ज टाकला आहे."

मी समुद्रपूरच्या कप्तानाला रीतसर विचारलं. तो हसला. "सर, दर वेळी काऊन विचारता?"

सामना संपत आला तेव्हा हिंगणी एका गोलनं पुढे होती. डाव्या घड्याळातला वेळ मी जाहीर केला होता आणि तोही संपत चालला होता. समुद्रपूरचा एक उंच चेंडू आत आला. सिद्धार्थनं उडी मारून तो पकडला, नीट, दोन्ही हातांनी, आणि पायांवर उतरला. त्याच्या अंगाला कोणी लागलं नाही. त्यांचे खेळाडू मागे सरले, एक फॉरवर्ड तेवढा थोड्या अंतरावर रेंगाळला. सिद्धार्थनं चेंडू छातीशी घट्ट धरला आणि मान खाली घातली.

मी मनात मोजू लागलो. मग हात वर केला. गर्दी सुरू झाली, "पाच! चार!" त्यानं मान वर केली आणि माझ्या बोटांकडे बघितलं. नेहमीचं हसू नव्हतं. मला वाटलं, याला काहीतरी नवीन सुचलेलं दिसतं. तीन. दोन. शेवटचं बोट उभं होतं. चेंडू छातीशीच होता.

मी बोट मिटलं. शिट्टी वाजवली आणि हात कोपऱ्याकडे केला.

असा आवाज मी त्या मैदानावर कधी ऐकला नव्हता. अर्धे नाचत होते, अर्धे मला शिव्या देत होते. हिंगणीचे खेळाडू माझ्याभोवती जमले. "सर, भाऊ आहे तुमचा! सख्खा भाऊ पक्का वैरी म्हनते ते खोटं नाई!" सिद्धार्थ पुढे आला, त्यानं दोघांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. "बराबर आहे त्याचं. चला, जागेवर उभे राहा," एवढंच तो म्हणाला. आवाज बसलेला होता.

कॉर्नर आला. त्यांच्या उंच पोरानं डोक्यानं चेंडू आत घातला. सिद्धार्थची उडी जमिनीवरून उठलीच नाही. बरोबरी झाली, मग पेनल्टीवर निकाल लागला. त्यात त्यानं एकही अडवली नाही. चषक समुद्रपूरलाच राहिला.

परतताना जाम गावच्या चौफुलीवर त्यानं गाडी थांबवली. चहा सांगितला आणि प्यायला नाही. कपाळ घामानं भिजलेलं होतं. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "पित्त. सकाळपासून खाल्लं नाई काही." मग थोड्या वेळानं, "आज बोटं लय भराभर मिटवली गा दादा." मी म्हटलं, "नेहमीसारखीच मिटवली." "माहीत आहे," तो म्हणाला. "मजाक करून राह्यलो." पुढचा सगळा रस्ता त्यानं गाडी अगदी हळू चालवली. हरल्याचं दुःख आहे, असं मी समजत राहिलो.

सकाळी वंदनाची हाक आली. "भाऊजी, लवकर या. हे बसूनच आहेत रातभर. झोपता येऊन नाई राह्यलं." आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता. छातीला तारा लावता लावता त्यानं विचारलं, "दुखणं कधी सुरू झालं?"

"सेकंड हाफ," सिद्धार्थ म्हणाला.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मला सगळं त्याच क्षणी कळलं, पण मी ते कळू दिलं नाही. भरती, तपासण्या, औषधं आणणं, यात दिवस गेला. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत वंदना घरी डबा आणायला गेली आणि आम्ही दोघंच राहिलो.

"हात वर करायचा होता," मी म्हटलं.

"उचलून नाई राह्यला होता. छातीत अशी कळ आली, का बॉलच धरून उभा राह्यलो. सोडला असता तर समोर तो लंबू उभाच होता."

"मग खाली बसायचं. मी खेळ थांबवला असता."

"थांबवला असता?"

"गोलकीपरला असं काही झालं तर थांबवावाच लागतो. डॉक्टर आत बोलावला असता. नंतर चेंडू तुझ्याच हातात दिला असता, ड्रॉप बॉल. नियमच आहे."

"मले माहीत आहे नियम," तो म्हणाला. "तुह्याच मागं बसून शिकलो ना सारे." खरं तर बसायचो मी, त्याच्या मागे. मी दुरुस्त केलं नाही. "म्हणूनच नाई बसलो. आयुष्यभर लोळलो मी, दादा. सारं जग ओयखते माहं लोळणं. शेवटच्या मिनिटाले मी लोळलो, तू शिट्टी मारली, बॉल माह्याच हातात दिला अन् आम्ही जिंकलो, तर काय म्हनले असते लोकं? भावानं भावाले कप देला. तुह्या शिट्टीची इज्जत गेली असती ना. मी जिंदगीभर खोटा पडलो, मले चालते. तुले नसतं चाललं."

मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"अन् मजा पाय," तो म्हणाला, "एकदाच खरं होतं, अन् तेव्हाच मागता नाई आलं."

तो हसला. छातीवर हात ठेवून हसला, कारण दुखत होतं. मग म्हणाला, "पण बराबर मोजलं तू. मी पाहून राह्यलो होतो ना. एका बोटालेही घाई नाई केली."

तो दवाखान्यातून घरी आला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समुद्रपूरचा तो कप्तान आपला सगळा संघ घेऊन आला. बुद्धवंदना संपली आणि ते लोक माझ्याजवळ येऊन बसले. गोल करणारा उंच पोरगा जमिनीवरची चटई उकरत होता. मी त्याला म्हटलं, "गोल चांगला होता. त्यालाही आवडला असणार." ते खरं होतं. कोणीतरी म्हणालं की वेळ आली की कोणाचं चालत नाही. अशा वेळी लोक वेळेबद्दल बोलतात. मला ते ऐकवत नाही. वेळ म्हणजे काय ते मला मनगटावर माहीत आहे. खेळातला वेळ परत देता येतो, एवढाच त्याचा आणि माझा संबंध. बाकीच्या वेळेचा मला काही अधिकार नाही.

बरेच दिवस मी शिट्टीला हात लावला नाही. रात्री नियमांचं पुस्तक उघडून बसायचो. ते मला पाठ आहे, तरी. त्यात एक गोष्ट मी इतक्या वर्षांत नुसती वाचून सोडली होती. खेळाडू गंभीर जखमी आहे असं रेफरीला वाटलं तर खेळ थांबवायचा. त्या खेळाडूवर आधी विश्वास बसला पाहिजे, अशी अट तिथे कुठेच नाही. तो खोटा निघाला तर त्याचाही नियम आहे. फसवणुकीचं पिवळं कार्ड आहे, गेलेला वेळ मिळवायला डावं घड्याळ आहे. म्हणजे थांबण्यात कोणाचंच नुकसान नाही. मी पुन्हा मैदानावर गेलो तो एवढं ठरवून.

आता एस.टी.नं जातो. परवा आष्टीला गेलो होतो. शेवटचा भाग, पाहुणा संघ एका गोलनं पुढे, आणि त्यांचा गोलकीपर चेंडू पकडून बसला तो बसलाच. दोन लेकरांचा बाप, दाढीवाला, जाडजूड माणूस. मी हात वर केला. पाच, चार, तीन. त्यानं एक हात छातीवर ठेवला आणि आडवा झाला.

आष्टीचे खेळाडू ओरडले, "नाटक आहे सर! मोजा तुम्ही, मोजा! दोनच राह्यले!" कडेचा माझा सहाय्यकही झेंडा काखेत धरून मान हलवत होता. दोन बोटं अजून हवेत होती. मी ती मिटली नाहीत. शिट्टी वाजवली, डावं घड्याळ चालू केलं आणि त्याच्याकडे धावत गेलो. माझं वय धावण्याचं राहिलेलं नाही.

गुडघे टेकून मी त्याच्या तोंडाजवळ वाकलो. "कुठं दुखते? छातीत? हातात येते काय कळ? बोल बाबा, लवकर बोल."

तो घाबरला. असा रेफरी त्यानं पाहिला नसावा. त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, मग दुसरा उघडला. ओशाळून, अगदी हळू म्हणाला, "काई नाई सर. असाच पडलो होतो."

"खरं सांग."

"आईची आन, सर. टाइमपास."

मी उठलो. खिशातून पिवळं कार्ड काढून त्याला दाखवलं, चेंडू त्याच्या समोर टाकला आणि डावं घड्याळ बंद केलं. आष्टीचे लोक आपलंच खरं झालं म्हणून टाळ्या वाजवत होते. मला नीट दिसत नव्हतं. खोटं होतं. देवासारखा खोटा पडला होता तो.